दुहेरी नळीच्या प्रतिप्रवाही उष्णता विनिमयकाची लांबी कशी काढावी: ताशी ९०० लिटर पाण्याचे उदाहरण

एका नळीत दुसरी नळी घालून, आतून एक आणि बाहेरच्या वलयाकार जागेतून दुसरा द्रव उलट दिशेने वाहू दिला, की दुहेरी नळीचा प्रतिप्रवाही उष्णता विनिमयक तयार होतो. त्याचे गणित ज्या सूत्राने होते ते एका ओळीत मावते, आणि त्यामुळेच नवख्या माणसाचा असा समज होतो की सूत्रात आकडे भरले की काम संपले. प्रत्यक्षात सूत्राच्या आधी एक पडताळणी करावी लागते आणि सूत्रानंतर एक निर्णय घ्यावा लागतो. नळी किती लांब होणार हे बहुतांशी त्या निर्णयावर ठरते. पुढे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवले आहे.

समजा, एका दूध संकलन केंद्रात कॅन आणि क्रेट धुण्यासाठी बोअरवेलचे पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ५५ अंशांपर्यंत तापवायचे आहे. पाणी ताशी ९०० लिटर लागते. केंद्रात लाकडाच्या ब्रिकेटवर चालणारा गरम पाण्याचा बॉयलर आहे आणि त्याचे पाणी बंद परिपथात ८५ अंशांवर फिरते. बॉयलरचे पाणी कॅन धुण्यासाठी थेट वापरायचे नाही, म्हणून मध्ये विनिमयक हवा.

पहिली पायरी: उष्णतेचा ताळेबंद

गणिताची सुरुवात नळीपासून करू नये, उष्णतेपासून करावी. ताशी ९०० किलो म्हणजे सेकंदाला ०.२५ किलो. पाण्याची विशिष्ट उष्णता दर किलोला, दर अंशाला सुमारे ४.१८ किलोज्यूल आहे, आणि तापमान ३० अंशांनी वाढवायचे आहे.

```
Q = m × cp × ΔT
```

०.२५, ४.१८ आणि ३० यांचा गुणाकार ३१.३५ येतो, म्हणजे सुमारे ३१.४ किलोवॉट उष्णता पाण्यात जायला हवी. हीच उष्णता बॉयलरच्या पाण्यातून निघणार आहे. बॉयलरचा पंप ताशी १३५० किलो, म्हणजे सेकंदाला ०.३७५ किलो पाणी फिरवत असेल, तर हेच सूत्र उलटे वापरून ते पाणी किती थंड होईल हे कळते. ३१.३५ ला ०.३७५ आणि ४.१९ यांच्या गुणाकाराने भागले की जवळजवळ २० अंश येतात. म्हणून गरम पाणी ८५ अंशांवर आत शिरेल आणि ६५ अंशांवर बाहेर पडेल.

पडताळणी ती हीच. चार तापमानांपैकी तीन आपण ठरवू शकतो, चौथे ताळेबंद ठरवतो. चारही आकडे मनाने गृहीत धरून पुढे गेलेली गणिते अनेकदा पाहायला मिळतात आणि त्यांतून निघालेली लांबी कितीही काळजीपूर्वक काढलेली असली तरी निरर्थक असते. गरम पाण्याचा प्रवाह निम्मा असता, तर ते ४० अंशांनी थंड होऊन ४५ अंशांवर बाहेर पडले असते आणि पुढचे सारे आकडे बदलले असते.

दुसरी पायरी: दोन टोकांचे फरक आणि त्यांची लॉगरिथमी सरासरी

नळीच्या वेगवेगळ्या ठिकाणी गरम आणि थंड पाण्यातला फरक वेगवेगळा असतो, म्हणून उष्णतेच्या वहनाचा वेगही सर्वत्र सारखा नसतो. संपूर्ण लांबीसाठी एकच प्रातिनिधिक फरक हवा असेल तर साधी सरासरी पुरेशी अचूक ठरत नाही, कारण हा फरक नळीच्या लांबीवर घातांकी पद्धतीने बदलत जातो. त्या बदलाची बेरीज केली की लॉगरिथमी सरासरी तापमानफरक मिळतो. कारखान्यांत त्याला एलएमटीडी म्हणतात.

```
LMTD = (ΔT1 - ΔT2) / ln(ΔT1 / ΔT2)
```

येथे ΔT1 आणि ΔT2 हे विनिमयकाच्या दोन टोकांचे फरक आहेत, आणि 'टोक' हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. प्रतिप्रवाहात ज्या टोकाला गरम पाणी शिरते त्याच टोकाला तापलेले पाणी बाहेर पडते. म्हणून एका टोकाचा फरक ८५ वजा ५५, म्हणजे ३० अंश, आणि दुसऱ्या टोकाचा ६५ वजा २५, म्हणजे ४० अंश. कागदावर आडवी नळी काढून दोन्ही टोकांना दोन-दोन तापमाने लिहिण्याची सवय लावून घ्यावी. तसे न केल्यास हात आपोआप प्रवेशाच्या तापमानातून प्रवेशाचे तापमान वजा करतो आणि ६० व १० हे फरक मिळतात. ते दोन्ही प्रवाह एकाच दिशेने वाहणाऱ्या विनिमयकाचे आहेत.

आपल्या फरकांसाठी ४० वजा ३० म्हणजे १०, आणि ४० भागिले ३० याचा नैसर्गिक लॉगरिथम ०.२८८, म्हणून एलएमटीडी ३४.८ अंश येतो. गणकयंत्रावर येथे ln ही कळ दाबायची असते. चुकून log दाबली तर उत्तर ८० येते. ही चूक पकडण्यासाठी गणित पुन्हा करण्याची गरज नसते, कारण एलएमटीडी नेहमी दोन टोकांच्या फरकांच्या मध्ये आणि त्यांच्या साध्या सरासरीपेक्षा किंचित खाली असायला हवा. येथे साधी सरासरी ३५ आहे आणि आपले उत्तर ३४.८, म्हणजे सारे जुळते. एक फरक दुसऱ्याच्या दुपटीपेक्षा कमी असेल तोवर या दोन सरासऱ्यांत चार टक्क्यांच्या आतच अंतर राहते. दोन्ही फरक नेमके सारखे असतील तर सूत्र शून्य भागिले शून्य असे होऊन अडते. अशा वेळी तोच फरक एलएमटीडी म्हणून घ्यावा.

हीच तापमाने समप्रवाहात, म्हणजे ६० आणि १० अंशांच्या फरकांनी मिळवायची असती, तर एलएमटीडी २७.९ आला असता आणि तेवढ्याच कामासाठी नळी सुमारे २५ टक्के अधिक लागली असती. शिवाय समप्रवाहात तापणारे पाणी गरम पाण्याच्या बाहेर पडण्याच्या तापमानापेक्षा वर कधीच जाऊ शकत नाही. प्रतिप्रवाहाला ही मर्यादा नाही.

तिसरी पायरी: नळ्या निवडणे आणि कोणते पाणी कुठे, हे ठरवणे

आतली नळी स्टेनलेस स्टीलची, २५.४ मिलीमीटर बाह्य व्यासाची आणि २२.१ मिलीमीटर अंतर्गत व्यासाची घेऊ. बाहेरचा पाइप दीड इंची, शेड्यूल ४०, म्हणजे ४०.९ मिलीमीटर अंतर्गत व्यासाचा. दोहोंमध्ये सर्व बाजूंनी पावणेआठ मिलीमीटरची फट राहते.

बोअरवेलचे पाणी आतल्या नळीत आणि बॉयलरचे पाणी वलयाकार जागेत सोडावे, असे माझे ठाम मत आहे. उलट रचना केली तर गरम पाणी आत राहून बाहेरच्या हवेत कमी उष्णता वाया जाईल, हा आक्षेप खरा आहे. परंतु दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, आणि पाणी तापले की त्यातले कॅल्शियम कार्बोनेट भिंतीवर बसते, कारण बहुतेक क्षारांच्या उलट त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते. सरळ नळीच्या आतून ब्रश फिरवता येतो. वलयाकार फटीत तो फिरवता येत नाही. बाहेरच्या पाइपाला ग्लासवूलचे वेष्टन घालून उष्णतेचा ऱ्हास कमी करता येतो, मात्र फटीत अडकलेला क्षार काढणे फार कठीण असते.

चौथी पायरी: उष्णतेला होणारा अडथळा मोजणे

नळीचे क्षेत्रफळ काढण्यासाठी एकूण उष्णता संक्रमण गुणांक लागतो. तो U या अक्षराने लिहितात. एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला किती वॉट उष्णता जाते, हे तो सांगतो. त्याच्याकडे थेट पाहण्यापेक्षा उष्णतेच्या वाटेतले अडथळे एकामागोमाग मोजून त्यांची बेरीज करावी आणि त्या बेरजेचा व्यस्त घ्यावा, म्हणजे कोणता अडथळा किती मोठा आहे हे दिसते.

पहिला आणि शेवटचा अडथळा भिंतीलगतच्या पाण्याच्या पातळ थराचा असतो. त्यासाठी प्रवाह किती खळाळता आहे हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक आधी काढावा. आतल्या नळीत पाण्याचा वेग सेकंदाला ०.६६ मीटर आणि रेनॉल्ड्स अंक सुमारे २२,००० येतो. वलयाकार जागेत समतुल्य व्यास म्हणून दोन व्यासांतला फरक, म्हणजे ४०.९ वजा २५.४, १५.५ मिलीमीटर घेतात. तेथे वेग ०.४८ मीटर आणि रेनॉल्ड्स अंक सुमारे १९,००० येतो. दोन्ही आकडे १०,००० च्या वर असल्याने प्रवाह पूर्णपणे खळाळता आहे आणि डिट्टस-बोल्टर यांचे सूत्र वापरता येते.

```
Nu = 0.023 × Re^0.8 × Pr^n
h  = Nu × k / D
```

येथे Nu म्हणजे नुसेल्ट अंक, Re रेनॉल्ड्स अंक, Pr प्रांटल अंक, k पाण्याची उष्णतावाहकता, D नळीचा किंवा समतुल्य व्यास आणि h पाण्याच्या थराचा उष्णता संक्रमण गुणांक. तापणाऱ्या पाण्यासाठी n ०.४ आणि थंड होणाऱ्यासाठी ०.३ घ्यायचा. पाण्याचे गुणधर्म प्रत्येक प्रवाहाच्या सरासरी तापमानाला, म्हणजे येथे ४० आणि ७५ अंशांना घ्यायचे. आत प्रांटल अंक ४.३२ धरून सुमारे ३५०० आणि वलयात २.३८ धरून सुमारे ३४०० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश, असे गुणांक मिळतात. या सूत्राच्या उत्तरात वीस-पंचवीस टक्क्यांची चूक सहज असू शकते, विशेषतः वलयाकार जागेसाठी, म्हणून पुढच्या दशांशांवर फार विसंबू नये. रेनॉल्ड्स अंक १०,००० च्या खाली गेला तर हे सूत्र गुणांक प्रत्यक्षाहून मोठा दाखवू लागते, आणि २,३०० च्या खाली ते मुळीच लागू होत नाही.

उरलेले अडथळे नळीच्या धातूचे आणि काही महिन्यांनी बसणाऱ्या क्षाराचे. क्षाराच्या अडथळ्यासाठी तयार तक्ते असतात. आतल्या बाजूला, ५० अंशांच्या वर तापणाऱ्या साध्या पाण्यासाठी ०.०००३५ आणि बॉयलरच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी ०.०००१८ चौरस मीटर-अंश प्रति वॉट घेऊ. आतल्या बाजूचे अडथळे बाहेरच्या पृष्ठभागावर आणण्यासाठी त्यांना दोन व्यासांच्या गुणोत्तराने, म्हणजे १.१५ ने गुणावे लागते. वाचायला सोपे जावे म्हणून खालील सर्व आकडे दशलक्षांशांत दिले आहेत.

| अडथळा | दशलक्षांश |
|---|---|
| वलयातील पाण्याचा थर | २९४ |
| वलयाच्या बाजूचा क्षार | १८० |
| नळीची भिंत | ११० |
| आतल्या बाजूचा क्षार | ४०२ |
| आतल्या पाण्याचा थर | ३२७ |
| एकूण | १३१३ |

दहा लाखांना १३१३ ने भागले की U ७६२ येतो. क्षाराच्या दोन ओळी वगळल्या तर बेरीज ७३१ होते आणि U १३६८ येतो. या तक्त्यावर थोडा वेळ थांबावे. सर्वांत मोठा अडथळा अजून अस्तित्वातच नसलेल्या क्षाराचा आहे. दोन्ही बाजू मिळून त्याचा वाटा ४४ टक्के आहे. वेग वाढवून आतल्या थराचा अडथळा निम्मा केला तरी U १४ टक्क्यांहून थोडाच अधिक वाढतो. प्रस्तावनेत ज्या निर्णयाचा उल्लेख केला तो हा: क्षारासाठी किती जागा ठेवायची.

पाचवी पायरी: क्षेत्रफळावरून लांबी

```
A = Q / (U × LMTD)
L = A / (π × Do)
```

३१,३५० वॉटना ७६२ आणि ३४.८ यांच्या गुणाकाराने भागले की १.१८ चौरस मीटर मिळतात. आतल्या नळीच्या एका मीटरचा बाह्य पृष्ठभाग ०.०७९८ चौरस मीटर आहे, म्हणून लांबी १४.८ मीटर. क्षार गृहीत धरलाच नसता तर उत्तर ८.३ मीटर आले असते. म्हणजे साडेसहा मीटर नळी केवळ भविष्यातल्या क्षारासाठी आहे.

बाजारात नळी सहा मीटरच्या लांबीत मिळते. तिचे दोन तुकडे केले की तीन-तीन मीटरच्या दोन भुजांचा एक हेअरपिन होतो. दोन्ही पाइप एकमेकांत असलेली लांबी मात्र पूर्ण तीन मीटर नसते, कारण टोकांना जोडण्यांसाठी जागा सोडावी लागते आणि वळणाच्या भागात उष्णता विनिमय होत नाही. प्रत्येक भुजेत उपयुक्त लांबी २.७ मीटर धरली, तर तीन हेअरपिनच्या सहा भुजांत १६.२ मीटर मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा नऊ टक्के अधिक. सूत्रातली अनिश्चितता पाहता एवढी वाढ योग्यच आहे. त्याच्यावर आणखी 'सुरक्षितते'साठी चौथा हेअरपिन जोडू नये, कारण सुरक्षिततेची तरतूद क्षाराच्या आकड्यात आधीच झालेली आहे.

दाबाचा ऱ्हासही एकदा पाहून घ्यावा. आतल्या नळीच्या १८ मीटर सरळ लांबीत तो सुमारे साडेचार हजार पास्कल, म्हणजे पाण्याच्या जेमतेम अर्ध्या मीटर उंचीएवढा होतो. वळणांचे थोडे त्यात मिळवले तरी साध्या पंपाला तो जड नाही.

बसवल्यानंतर: पहिल्या दिवसाचे आकडे

नवा, स्वच्छ विनिमयक ५५ अंश देणार नाही. त्याचा U १३६८ च्या जवळ असतो आणि लांबी १६.२ मीटर आहे, त्यामुळे हेच दोन्ही प्रवाह ठेवले तर पाणी ६६ ते ६७ अंशांवर बाहेर पडेल आणि बॉयलरचे पाणी ५७ अंशांपर्यंत थंड होऊन परतेल. हात भाजण्याचा धोका येथे खराच आहे, म्हणून गरम पाण्याच्या बाजूला नियंत्रण झडप आणि बायपास असायलाच हवा. क्षार साठत गेला की ती झडप हळूहळू अधिक उघडत जाते.

याच पहिल्या दिवशी जोडणीची दिशाही तपासून घ्यावी, आणि ती झडप पूर्ण उघडी ठेवून व बायपास बंद ठेवून तपासावी. गरम पाण्याचे दोन पाइप चुकून अदलाबदल झाले तर विनिमयक समप्रवाही होतो आणि तरीही नव्या अवस्थेत ५९ अंशांचे पाणी देतो. मागणी ५५ ची असल्याने कोणालाच शंका येत नाही. मात्र क्षार बसल्यावर तेच यंत्र ५३ ते ५४ अंशांवर अडकते, योग्य जोडणीत ते ५६ च्या पुढे राहिले असते, आणि दोष नळीला दिला जातो. पहिल्या दिवशी ६६ ऐवजी ५९ दिसले, तर आकडेमोड करत बसण्याआधी पाइपांवरचे बाण पाहावेत.

मोजमापासाठी फार साधने लागत नाहीत. ताशी ९०० लिटर म्हणजे दहा लिटरची बादली ४० सेकंदांत भरली पाहिजे. चारही टोकांना तापमापी असावेत, आणि त्यांच्यावरून दोन्ही बाजूंची उष्णता वेगवेगळी काढावी. गरम बाजूचा आकडा थोडा मोठा येणे स्वाभाविक आहे, कारण काही उष्णता हवेत जाते. वेष्टन नसलेल्या १६ मीटर पाइपातून हा ऱ्हास सुमारे एक किलोवॉटचा असतो. पण दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर आधी तापमापीवर संशय घ्यावा. गरम बाजूचा फरक २० अंशांचाच असल्याने दोन तापमापी विरुद्ध दिशांना एक-एक अंशाने चुकले, तरी उष्णतेच्या हिशेबात दहा टक्क्यांची चूक होते.

त्यानंतर महिन्यातून एकदा, झडप तशीच पूर्ण उघडून आणि पाण्याचे तापमान स्थिरावू देऊन, हीच चार तापमाने घ्यावीत, एलएमटीडी काढावा आणि उष्णतेला क्षेत्रफळ व एलएमटीडी यांनी भागून प्रत्यक्ष U वहीत लिहावा. केवळ बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान पाहत राहिल्यास झडप ते सावरून घेते आणि क्षार लपून राहतो. U १३६८ वरून ७६२ कडे सरकत येतो, आणि तो ७६२ च्या जवळ पोहोचला की सायट्रिक आम्लाचे विरळ द्रावण आतल्या नळीतून फिरवण्याची किंवा ब्रश घालण्याची वेळ आली असे समजावे. सफाईसाठी प्रथम तो हेअरपिन उघडावा ज्यात बॉयलरचे पाणी शिरते. तेथे पाणीही सर्वांत तापलेले असते आणि नळीची भिंतही, त्यामुळे क्षाराचा सर्वांत जाड थर तेथेच सापडतो. दोन सफायांमधला काळ तीन-चार महिन्यांहूनही कमी भरत असेल, तर नळी वाढवण्याचा विचार सोडून बोअरवेलच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवावा.